सीएन ६९ धरून अपधाव ५ मिमी येतो, तळ्यात मात्र १२ मिमी जमा झाले

ओढाकाठ

नमस्कार मंडळी. एका लहान पाणलोटाचा अपधाव, म्हणजे पावसातले वाहून येणारे पाणी, कर्व्ह नंबर म्हणजे सीएन पद्धतीने काढतो आहे आणि हिशेब प्रत्यक्षाशी जुळत नाही.

तळ्याच्या वरच्या अंगाला ५० हेक्टर पाणलोट आहे. त्यात ३० हेक्टर दाट झाडी आहे, खाली पालापाचोळ्याचा चांगला थर आहे आणि गुरे आत जात नाहीत. १४ हेक्टरवर सरळ ओळीतली पिके आहेत. उरलेल्या ६ हेक्टरवर मोठ्या शेड, डांबरी रस्ते आणि काँक्रीटचे आवार. झाडीतली माती वरून पोयट्याची, भुसभुशीत वाटते म्हणून मातीच्या ए ते डी गटांपैकी ती बी गटात धरली. शेताची माती जड, म्हणून सी गट. तक्त्यावरून झाडीला ५५, पिकांना ८५ आणि छपरे-रस्त्यांना ९८ मिळाले. क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी ६८.६ आली, ती ६९ धरली.

परवा चार तासांत ५० मिमी पाऊस झाला. त्याआधीचे पाच दिवस जवळपास कोरडे होते. ६९ ला साठवण क्षमता ११४ मिमी येते, तिचा पाचवा हिस्सा म्हणजे २२.८ मिमी सुरुवातीलाच जिरतात, आणि सूत्रातून अपधाव ५.२ मिमी निघतो. ५० हेक्टरवर हे साधारण २,६०० घनमीटर झाले.

तळ्याची पट्टी पावसाआधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचली. क्षमतेच्या आलेखावरून, तळ्यावर थेट पडलेला पाऊस वजा करून, सुमारे ६,००० घनमीटर पाणी आले. सांडवा वाहिला नाही. म्हणजे १२ मिमी. फरक दुपटीहून जास्त आहे. चूक मातीच्या गटात आहे, तक्ता वाचण्यात आहे, की पद्धतच इथे लागू पडत नाही?

खडीवाट

एवढ्या लहान क्षेत्राला कर्व्ह नंबर कशाला? रॅशनल सूत्र लावा. चार तासांत ५० मिमी म्हणजे तासाला १२.५ मिमी. कोएफिशिएंट ०.४ धरा. ०.४ गुणिले १२.५ गुणिले ५० हेक्टर, भागिले ३६०, उत्तर ०.६९ घनमीटर प्रति सेकंद. सांडव्याची रुंदी ठरवायला एवढे पुरते. आम्ही रस्त्याखालच्या मोऱ्या याच हिशेबाने काढतो आणि त्या नीट चालतात.

नवांकुर९

तुमची अडचण ०.२ मध्ये आहे. सुरुवातीची घट साठवणीच्या २० टक्के धरायची हा जुना नियम झाला. नंतर पुष्कळ पाणलोटांच्या नोंदी तपासल्यावर ०.०५ जास्त जुळते असे दिसले आहे. तुमच्याच आकड्यांवर करून बघितले. साठवण ११४, तिचे ५ टक्के म्हणजे ५.७. अपधाव १२.४ मिमी येतो, तुमच्या तळ्यात १२ आले. सूत्रात तेवढा बदल करा, बाकी कशाला हात लावू नका.

ओढाकाठ

नवांकुर, हे खरोखर जुळते आहे! पण मग तक्त्यातला ६९ तसाच ठेवायचा का?

खडीवाट, मला प्रवाहाचा वेग नको आहे. एका पावसात तळ्यात एकूण किती पाणी येईल, तेवढेच हवे आहे.

थरवाचक

ओढाकाठ, तुम्ही प्रत्यक्ष मोजमाप दिले आहे म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेक वेळा विचारणाऱ्याकडे फक्त तक्ता असतो, त्यामुळे काय चुकले ते शोधायला जागाच उरत नाही.

आधी खडीवाट यांच्याबद्दल. त्यांचे सूत्र शिखर प्रवाहाचे आहे आणि मोऱ्यांसाठी ते योग्यच आहे. फक्त त्यात पावसाची तीव्रता चार तासांची सरासरी घेत नाहीत. सर्वांत दूरचे पाणी मोरीपर्यंत पोहोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळातली तीव्रता घेतात, आणि ५० हेक्टरला ती बरीच जास्त निघेल. इथे प्रश्न पावसाच्या एकूण पाण्याचा आहे, त्यामुळे ते बाजूला ठेवू.

मुख्य गोष्ट अशी की तुम्ही सीएनची सरासरी काढलीत. काढायला हवी होती अपधावाची. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण तुमच्यासारख्या पाणलोटात सगळी तूट जवळजवळ त्यातूनच येते. तिन्ही भागांचा हिशेब वेगवेगळा करून पाहा.

झाडीला ५५ धरले तर साठवण २०८ मिमी आणि सुरुवातीची घट ४१.६. पाऊस ५० मिमी, म्हणजे घटीच्या वर जेमतेम ८.४ उरतात. अपधाव ०.३३ मिमी. जवळजवळ काहीच नाही. पिकांना ८५, साठवण ४४.८, घट ९. अपधाव १९.६ मिमी. छपरे-रस्त्यांना ९८, घट एका मिलिमीटरची. अपधाव ४४.३ मिमी.

आता यांची क्षेत्रानुसार सरासरी घ्या. झाडीचा वाटा ०.२, पिकांचा ५.५, छपरे-रस्त्यांचा ५.३. बेरीज ११ मिमी, म्हणजे ५,५०० घनमीटर. ०.२ ला हातही न लावता आपण तळ्याच्या मोजमापापाशी आलो.

असे का होते ते समजले की पुढे कधी अडत नाही. पाऊस सुरुवातीच्या घटीपेक्षा कमी असला तर सूत्रात अपधाव शून्य राहतो, आणि तिथून पुढे तो वाढत्या गतीने चढतो. रेषा सरळ नाही, वाकलेली आहे. सरासरी ६९ घेतली की झाडीची मोठी साठवण आपण कागदावर डांबरी रस्त्यावरही पसरतो, आणि रस्त्यावर पडलेले पाणी हिशेबात जमिनीत मुरून जाते. प्रत्यक्षात रस्त्यावरचे पाणी झाडीची परवानगी मागायला थांबत नाही.

पाऊस मोठा असला की हा फरक मिटत जातो. १२० मिमी पावसाला सरासरी सीएनने ४४.७ मिमी येतात, वेगळे काढून बेरीज केली तर ४८.७. जेमतेम नऊ टक्क्यांचे अंतर. उलट २५ मिमीला सरासरी सीएन ०.०४ मिमी सांगतो आणि वेगळ्या हिशेबाने ३.५ मिमी येतात. म्हणून मोठ्या पुराचा हिशेब करणाऱ्यांना या चुकीची झळ लागत नाही. तळी भरणारे नेहमीचे मध्यम पाऊस मोजणाऱ्यांना ती हमखास लागते.

स्प्रेडशीटच्या तक्त्यात करत असाल तर सूत्र असे लिहा, P म्हणजे पाऊस आणि S म्हणजे साठवण:

```
=IF(P>0.2*S, (P-0.2*S)^2/(P+0.8*S), 0)
```

त्यातली अट गाळू नका. २५ मिमी पाऊस आणि ५५ सीएनला कंसातला आकडा उणे १६.६ येतो. वर्ग केला की तो धन होतो आणि तक्ता निमूटपणे १.४ मिमी अपधाव दाखवतो, जिथे खरे उत्तर शून्य आहे. ओळखायचे कसे? अट नसलेल्या तक्त्यात पाऊस कमी करत गेलात की एका टप्प्यानंतर अपधाव पुन्हा वाढू लागतो. तसे दिसले की समजायचे.

आता नवांकुर यांचे ०.०५. तक्त्यातले सीएन ०.२ धरूनच ठरवलेले आहेत. गुणांक बदलला की साठवणही बदलावी लागते, एकच बाजू बदलून चालत नाही. रूपांतराचे सूत्र प्रसिद्ध आहे आणि ते इंचांसाठी आहे: नवी साठवण म्हणजे १.३३ गुणिले जुन्या साठवणीचा १.१५ घात. मिलिमीटरमध्ये १.३३ च्या जागी ०.८१९ येतो. ११४ ची साठवण मग १९० होते आणि अपधाव ७.१ मिमी, १२.४ नव्हे. १२.४ जुळला तो दोन चुका एकमेकींना झाकून गेल्यामुळे.

नवांकुर९

रूपांतराचे सूत्र मला माहीत आहे, पण तेही सरासरीवर बसवलेलेच आहे ना? माझे म्हणणे साधे आहे: मोजमापाशी जे जुळते ते वापरावे. ओढाकाठ यांच्याकडे आणखी एखाद्या पावसाची नोंद असेल तर तीवर तपासू. माझ्या हिशेबाने २५ मिमीला २.८ मिमी यायला हवेत, म्हणजे १,४०० घनमीटर.

काळीभुई

थोडे वेगळे विचारते. आमच्याकडे माती चिकण आणि भेगाळ आहे. सगळे तक्ते तिला डी गट देतात, ओळीतल्या पिकांना ८९. कोरड्या हंगामानंतरच्या पहिल्या ४०-५० मिमी पावसात या आकड्याने १७ ते २५ मिमी अपधाव यायला हवा. येत काहीच नाही. पाणी सरळ भेगांत उतरते. दोन-तीन पाऊस होऊन भेगा मिटल्या की मात्र शेतातून पाणी धावायला लागते आणि ८९ देखील कमी वाटतो. मग गट कोणता धरू? पहिल्या महिन्यात ए आणि नंतर डी असे करता येते का?

थरवाचक

काळीभुई, गट बदलू नका. मृदा गट मातीच्या प्रोफाइलचा असतो आणि तो पूर्ण भिजलेल्या अवस्थेतल्या मुरण्यावर ठरतो. भेगा हा त्या त्या वेळच्या ओलाव्याचा भाग आहे. यासाठी पद्धतीत कोरडी, मध्यम आणि ओली अशा तीन स्थिती आहेत. ८९ ला कोरड्या स्थितीत साधारण ७७ येतो, ओल्यात ९५. पण खरे सांगायचे तर तुमच्या भेगांचे पोट ७७ नेही भरत नाही. ५० मिमीला ७७ अजून ११ मिमी अपधाव दाखवेल आणि तुम्ही म्हणता शून्य. ही पद्धतीची मर्यादा आहे. तिच्या सूत्रात भेग नावाची गोष्ट नाही. भेगा मिटेपर्यंतचे पाऊस या पद्धतीने काढूच नयेत असे माझे मत आहे. त्याऐवजी भेगांची खोली-रुंदी बघून त्यात किती मिलिमीटर पाणी मावेल याचा अंदाज करावा आणि तेवढा पाऊस आधीच वजा करावा.

आणखी एक. मागच्या पाच दिवसांच्या पावसावरून स्थिती ठरवण्याचा जो छोटा तक्ता सगळीकडे छापलेला दिसतो, तो या पद्धतीच्या मूळ हस्तपुस्तिकेच्या नंतरच्या आवृत्त्यांतून काढून टाकला आहे. कोरडी आणि ओली स्थिती म्हणजे उत्तराच्या वर-खालच्या मर्यादा समजा. पाच दिवसांची बेरीज ५२ आणि ५४ असल्याने अपधाव एकदम बदलत नाही.

आकडेमोड

चांगला धागा. थरवाचक, एक शंका. माझ्याकडे दैनंदिन पाऊस नाही, फक्त महिन्याचा आहे. ३०० मिमीच्या महिन्याला सीएन ६९ लावला तर १९६ मिमी अपधाव आला. पाणलोटाच्या अहवालात हाच आकडा दिला आहे. पावसाचा दोन तृतीयांश भाग वाहून जातो हे मला जास्त वाटते, पण सूत्र तर हेच आहे.

थरवाचक

आकडेमोड, तो आकडा अहवालातून काढा. सूत्र एका सलग पावसासाठी आहे. महिन्याचे ३०० मिमी एकदम घातले की सूत्राला वाटते सगळे पाणी एका दमात पडले, आणि सुरुवातीची घट फक्त एकदाच वजा होते. तेच ३०० मिमी मध्ये उघडीप देत २५-२५ च्या बारा पावसांत आले, तर प्रत्येकाला ०.०४ मिमी येतात, मिळून अर्धा मिलिमीटर. तोच महिना, तोच सीएन, उत्तर १९६ किंवा अर्धा. खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि ते दैनंदिन नोंदीशिवाय सापडणार नाही. जवळच्या कुठल्याही केंद्राचा रोजचा पाऊस मिळाला, तरी महिन्याच्या बेरजेपेक्षा तो बरा.

ओढाकाठ

मधल्या दिवसांत दोन गोष्टी केल्या.

नवांकुर, जुनी नोंद सापडली. आधी एकदा २५ मिमीचा पाऊस झाला होता आणि त्यात तळ्यात साधारण १,३०० घनमीटर आले होते, म्हणजे २.६ मिमी. तुमचा अंदाज १,४०० होता. थरवाचक यांच्या वेगळ्या हिशेबाने १,८०० च्या जवळ यायला हवे होते. इथे तर तुमचे जास्त जुळते.

दुसरे म्हणजे झाडीत ऑगर मारून पाहिला. वरच्या सपाटीला मीटरभर खोल गेलो तरी माती तशीच मोकळी. पण ओढ्याकडच्या उतारावर ४० सेंटिमीटरवर घट्ट थर लागला, ऑगर पुढे जाईना. त्या थरावर पाणी ओतून ठेवले तर ते तसेच राहिले. असा उतार झाडीच्या एक तृतीयांश ते निम्म्या भागात असेल. वरची माती दोन्हीकडे दिसायला सारखीच. आता गट काय धरू? वर बी आणि खाली डी, तर मध्ये सी?

मातीमित्र

गट वरच्या मातीच्या पोतावरूनच ठरतो. वाळू म्हणजे ए, पोयटा बी, चिकणमिश्रित पोयटा सी आणि चिकण माती डी. पाणी वरून मुरते ना, मग खालच्या थराचा संबंध काय? तुमचा बी बरोबर आहे.

थरवाचक

मातीमित्र, जिथे माती खोल आणि वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे तिथे तुमचा नियम बऱ्यापैकी चालतो, म्हणून तो इतका पसरला. पण गट ठरवताना प्रोफाइलमधल्या सर्वांत कमी पाणी सोडणाऱ्या थराकडे बघतात. पाणी अडवणारा थर ५० सेंटिमीटरच्या आत असेल तर वरची माती कितीही मोकळी असो, गट डी. भूजल कायम वर असलेल्या जागेचेही तसेच आहे. तिथे म्हणून जोडगट देतात, जसे बी/डी: पाण्याचा निचरा केला तर बी, नाही केला तर डी.

ओढाकाठ, दोन गटांची सरासरी काढून सी धरू नका. ती पहिल्यासारखीच चूक होईल. झाडीचे दोन तुकडे करा. सपाटीला बी, म्हणजे ५५. उताराला डी, तिथे चांगल्या झाडीचा आकडा ७७. ५० मिमी पावसात ७७ वरून ११ मिमी येतात आणि ५५ वरून ०.३३. सगळी झाडी डी धरली तर एकूण अपधाव १७.४ मिमी होतो, तुमच्या मोजमापाच्या बराच वर. फक्त तिसरा हिस्सा डी धरला तर १३.१ मिमी. म्हणजे ऑगरने जे दाखवले ते तळ्याच्या पट्टीशी ढोबळमानाने जुळते.

आता २५ मिमीच्या नोंदीकडे वळू. ही नोंद फार कामाची आहे, कारण एवढ्या पावसात बी गटाची झाडी काहीच देत नाही आणि डी गटाचा उतार जेमतेम मिलिमीटरभर. पाणी येते ते जवळजवळ सगळे पिकांतून आणि छपरे-रस्त्यांवरून. लहान पाऊस तुम्हाला छपरे-रस्त्यांबद्दल सांगतो आणि मोठा पाऊस झाडीबद्दल. माझ्या हिशेबाने पिकांचा वाटा १.२ आणि छपरे-रस्त्यांचा २.४ यायला हवा. मिळाले २.६. जवळपास एक मिलिमीटर, म्हणजे पाचशेच्या आसपास घनमीटर कुठेतरी गळाले आहेत.

नवांकुर९

म्हणजे तुमच्या हिशेबात एका पावसाला कमी आणि दुसऱ्याला जास्त येते, मग ते जुळवायला आणखी तुकडे पाडायचे. माझा एक आकडा दोन्ही पावसांना जुळतो. साधे ते का नको?

थरवाचक

प्रश्न रास्त आहे. दोन्ही नोंदींवरून उलट्या दिशेने सीएन काढला, नेहमीचे ०.२ ठेवून. २५ मिमीवरून २.६ मिमी, तर सीएन ८१.६ निघतो. ५० वरून १२, तर ७८.२. पाऊस वाढला तसा सीएन उतरला. हे मिश्र पाणलोटाचे लक्षण आहे: लहान पावसात फक्त कठीण भाग पाणी देतात, म्हणून पाणलोट जास्त कठीण असल्यासारखे दिसते. तुमचे ०.०५ आणि ११४ हे नेमके असेच वागते, कारण घट कमी केली की लहान पावसातही थोडे पाणी सुटते. म्हणून ते जुळले, याबद्दल वाद नाही.

पण ११४ ही साठवण तक्त्यातल्या ६९ वरून आली आहे आणि तो ६९ वेगळ्या गुणांकाचा. तुमचा आकडा या पाणलोटापुरता बसवलेला आहे. उद्या शेडच्या आवारात आणखी दोन हेक्टर काँक्रीट झाले, किंवा झाडी तुटून तिथे पिके आली, तर तुमचा आकडा कसा बदलायचा हे कोणी सांगू शकणार नाही. तुकड्यांचा हिशेब ते सांगतो. शिवाय १२० मिमीला तुमच्या सूत्राने ५७ मिमी येतात. तुकड्यांनी मूळचे ४८.७, आणि उतार डी धरला तर त्यात झाडीतून आणखी भर पडते. तिथे कोण बरोबर ते तसा पाऊस मोजल्याशिवाय ठरणार नाही.

नवांकुर९

पाणलोट आहे तसेच राहणार असेल आणि फक्त तळ्याचे रोजचे गणित हवे असेल, तर मी अजूनही बसवलेला आकडाच वापरेन. भूवापर बदलण्याचा प्रश्न आला तर तुमचे मान्य.

पायवाट

आतापर्यंत नुसते वाचत होतो. ओढाकाठ, ते पाचशे घनमीटर कुठे गेले याबद्दल विचारायचे होते. त्या सगळ्या शेडच्या छपरांचे पाणी गटारातून थेट ओढ्यात जाते का? माझ्या ओळखीच्या एका जागी निम्म्या छपरांचे पन्हळ मागच्या मोकळ्या जमिनीवर सोडले होते. तिथे लहान पावसात ओढ्याला त्यातले काहीच यायचे नाही.

ओढाकाठ

चांगले विचारलेत. जाऊन बघितले. मागच्या ओळीतल्या शेड, साधारण दोन हेक्टर छप्पर असेल, त्यांचे पाणी झाडीच्या वरच्या सपाटीवर सुटते. तिथे गटार नाही. बाकी चार हेक्टरचे पाणी रस्त्याच्या कडेच्या नाल्यातून ओढ्यात जाते.

थरवाचक

मग तेच. दोन हेक्टर छपराचे पाणी मोकळ्या बी मातीवर पडत असेल तर लहान पावसात ते तिथेच मुरेल. ते वगळले तर २५ मिमीला पिके आणि उरलेली छपरे मिळून २.८ मिमी, आणि डी उताराचा थोडा वाटा धरून तीनच्या आसपास. २.६ च्या बरेच जवळ आलो. ५० मिमीला छपरांचा वाटा ५.३ वरून ३.५ वर उतरतो, म्हणजे १२ गाठायला झाडीने तीन मिलिमीटर द्यायला हवेत. त्यासाठी झाडीचा साधारण ४३ टक्के भाग डी असावा लागतो. तुम्ही एक तृतीयांश ते निम्मा म्हणालात, त्याच्या मध्येच बसते.

इथे मात्र सावधही करतो. वेगळे अपधाव काढून बेरीज करताना आपण गृहीत धरतो की प्रत्येक तुकड्याचे पाणी दुसऱ्यावरून न जाता तळ्यात पोहोचते. तुमच्याकडे ते खरे नाही. मोठ्या पावसात सपाटी भरली की त्या दोन हेक्टरांचे पाणीही खाली येईल, आणि कधी येईल हे सीएन सांगत नाही. पिकांचे पाणीही झाडीच्या पट्ट्यातून उतरत असेल तर त्याचाही विचार करावा लागेल. उतरते का?

ओढाकाठ

वरच्या चार-पाच हेक्टर पिकांचे पाणी झाडीतून उतरते, बाकीचे बांधालगतच्या चरातून थेट ओढ्यात.

काळीभुई

मग त्या चार-पाच हेक्टरांचे पाणी घट्ट थराच्या उतारावरून जाते की मोकळ्या सपाटीवरून? कारण उतारावरून जात असेल तर मुरायला जागाच नाही, ते मोजायलाच हवे.

थरवाचक

काळीभुईंनी नेमका मुद्दा पकडला. शिवाय झाडीच्या उथळ उतारावर पाणी पृष्ठभागावरून न धावता घट्ट थराच्या वरून, पालापाचोळ्याखालून सरकत ओढ्यात येते असेही होऊ शकते. तळ्याला दोन्ही सारखेच, पण ते उशिरा पोहोचते. ओढाकाठ, पट्टी दुसऱ्या सकाळी एकदाच वाचली होती ना? पुढच्या वेळी पाऊस थांबल्याबरोबर एकदा आणि मग दिवसभर दर दोन तासांनी वाचा. छपरे-रस्त्यांचे आणि पिकांचे पाणी पहिल्या तास-दोन तासांत येऊन जाईल. त्यानंतरही पातळी हळूहळू चढत राहिली तर ते झाडीच्या खालून आलेले आहे, आणि मग त्या उताराला ७७ द्यायचा की नाही यावर पुन्हा बोलावे लागेल.

मातीमित्र

घट्ट थर ४० सेंटिमीटरऐवजी ७० वर लागला असता तर? तेव्हाही डी का?

थरवाचक

नाही. ५० ते १०० च्या मध्ये थर असेल तर वरच्या मातीच्या मुरण्याच्या वेगाला महत्त्व येते, फक्त कसोटी कडक होते. खोल मातीत ताशी ३६ मिमीपेक्षा जास्त वेगाने पाणी सोडणारी माती ए गटात बसते. ५० ते १०० मध्ये थर असताना ए साठी तोच वेग १४४ च्या वर लागतो. पण हा वेग वरून अंदाजाने सांगू नका. ओढाकाठनी जसे थरावर पाणी ओतून पाहिले, तसे नळी रोवून मोजा.

ओढाकाठ

नळी मिळवतो आहे. उताराच्या भागाचा नकाशाही नव्याने काढतो, कारण ४३ टक्के की ३३ टक्के हे आता नुसत्या नजरेने सांगणे मला पटत नाही. मोजमाप झाले की आकडे इथेच टाकतो.